सेक्स थेरपीतला गृहपाठ: "करू नका" हाच उपाय?

कोरा_कागद

नवा आयडी आहे, कारण उघड आहे. आम्ही दोघं चाळिशीच्या अलीकडे. गेली दोनेक वर्षं माझी ताठरता मध्येच जाते. सुरुवातीला कधीतरी व्हायचं, मग बहुतेक वेळा व्हायला लागलं, आणि आता दोघंही तो विषय टाळतो. झोपायला वेगवेगळ्या वेळी जायचं, आधी ती किंवा आधी मी, म्हणजे प्रश्नच यायला नको. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, सकाळचं टेस्टोस्टेरॉन, सगळं ठीक. सकाळी जाग येते तेव्हा ताठरता व्यवस्थित असते, असं सांगितल्यावर त्यांनी सेक्स थेरपिस्टकडे पाठवलं.

पहिल्या सेशनला दोघं एकत्र गेलो. नंतर दोघांशी वेगवेगळं बोलणं झालं. त्यानंतर पुन्हा एकत्र बसवून गृहपाठ दिला. संभोग पूर्ण बंद, प्रयत्नसुद्धा करायचा नाही. आठवड्यातून दोन-तीनदा वेळ ठरवायची, आधी एकाने दुसऱ्याला स्पर्श करायचा, मग अदलाबदल, प्रत्येकी पंधराएक मिनिटं. स्तन आणि गुप्तांगं वगळून. शक्यतो बोलायचं नाही. आणि उत्तेजित व्हायचा प्रयत्न करायचा नाही.

आता मला सांगा, तक्रार ही की होत नाही, आणि उपाय हा की करू नका? हे खरंच असंच असतं का? कोणी यातून गेलंय का? टिंगल चालेल, पण सोबत एखादं उपयोगाचं वाक्यही टाका.

शेवटचा_बाक

शाळेत असा गृहपाठ मिळाला असता तर पहिला नंबर सोडला नसता. "करू नका" एवढंच करायचं होतं.

(उपयोगाचं वाक्य: वाचतोय.)

उनाडपाऊस

एक बाळबोध शंका. हे स्पर्शाचं वगैरे त्यांच्यासमोर करून दाखवावं लागतं का? मित्राने सांगितलं होतं की थेरपिस्ट बघून चुका सांगतात. त्या भीतीनेच मी कधी गेलो नाही.

टिंबटिंब

@उनाडपाऊस, मित्र बदला. :) खोलीत फक्त खुर्च्या असतात आणि बोलणं असतं. कपडे काढायचे नाहीत, थेरपिस्ट हात लावत नाही, काही करून दाखवायचं नाही. शारीरिक तपासणी लागली तर ती डॉक्टर करतात, त्यांच्या खोलीत, त्यांच्या पद्धतीने. थेरपिस्ट म्हणवणारं कोणी "दाखवा" म्हणालं किंवा स्वतः स्पर्श करायला लागलं, तर उठून निघायचं. ती थेरपी नव्हे.

कोरा_कागद, आम्ही यातून गेलोय. नवऱ्याचं तुमच्यासारखंच होतं. रात्री निवांत लिहिते.

गोळीबंद

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? गोळ्या आहेत की. मी घेतो, काम होतं, विषय संपला. बोलून बोलून कोणाची ताठरता आली आहे का आजपर्यंत?

सावरी

मी मानसशास्त्राची, जोडप्यांबरोबर काम करते. थोडं सविस्तर लिहिते, कारण मूळ प्रश्न रास्त आहे.

ताठरता ही शरीर निवांत असताना घडणारी गोष्ट आहे. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त आत येतं आणि टिकतं. भीती वाटली, धडधड वाढली की शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीला लागतं आणि त्या रक्तवाहिन्या आवळतात. एखाद्या वेळी दमल्यामुळे ताठरता गेली, तर त्यात काही विशेष नसतं. पण पुढच्या वेळी तो माणूस तिथे असून नसल्यासारखा होतो. स्वतःकडे बाहेरून बघत राहतो. आहे का? टिकेल का? तिच्या लक्षात आलं का? हे बघणंच ती घालवतं. विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन या अमेरिकी संशोधकांनी १९७० मध्ये हे तपशिलात मांडलं. तुम्हाला मिळालेल्या गृहपाठाचं मूळही तिथेच आहे. त्याला सेन्सेट फोकस म्हणतात.

म्हणून बंदी. परीक्षाच रद्द केली की निकालाची धास्ती उरत नाही. संभोग होणार नाही हे दोघांनाही आधीपासून पक्कं माहीत असेल, तर ताठरता आली काय, गेली काय, त्या पंधरा मिनिटांत तिला काही कामच नसतं. आणि जोडीदाराचा हात लागला की "आता पुढे जावं लागणार" ही धडकी भरते ना, तीही हळूहळू सुटते. टाळणाऱ्या जोडप्यांत बहुतेकदा साधं जवळ घेणंही बंद झालेलं असतं, कारण प्रत्येक स्पर्श म्हणजे मागणी वाटायला लागते.

@गोळीबंद, गोळीला माझा विरोध नाही. पण ती उत्तेजना निर्माण करत नाही, असलेल्या उत्तेजनेला शरीराची साथ मिळवून देते. मन पूर्णवेळ परीक्षकाच्या खुर्चीत असेल तर गोळी घेऊनही फसतं. कित्येकदा डॉक्टर आणि थेरपिस्ट मिळून दोन्ही वापरतात, आणि आत्मविश्वास आला की गोळी कमी करतात. मात्र छातीत दुखण्यासाठी नायट्रेटचं औषध चालू असलेल्याने या गोळ्या अजिबात घेऊ नयेत. रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकतो. आणि तपासणी न करता नुसती गोळी घेत राहणं मला आवडत नाही, कारण काही पुरुषांत ताठरतेची तक्रार ही हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची आगाऊ सूचना असते. धागाकर्त्याने ते आधीच तपासलंय, उत्तम केलंय.

गोळीबंद

नायट्रेटचं माहीत नव्हतं. मला ते औषध चालू नाही, पण वडिलांना आहे. (ते गोळ्या घेतात असं म्हणायचं नाहीये. कृपया कल्पना लढवू नका.)

शेवटचा_बाक

आता लढवली.

आडवळण

मला वाटतं सगळे फार खोलात जाताहेत. बंदी ही साधी युक्ती आहे. नको म्हटलं की माणसाला तेच हवंसं वाटतं. नवरा-बायको दोन-तीन दिवस दम धरतात, मग बंदी मोडतात, सगळं नीट होतं, आणि थेरपिस्ट गालात हसतो. वाचलंय मी हे. कोरा_कागद, मोडा बिनधास्त, तेच अपेक्षित असतं.

टिंबटिंब

@आडवळण, आम्ही मोडली होती. थेरपिस्ट गालात अजिबात हसल्या नाहीत.

सांगते सगळं. पहिल्या आठवड्यात तीनदा करायचं होतं, झालं एकदाच. तेही दिवा ठेवायचा की नाही यावर अर्धा वेळ गेला. मी पालथी पडले, त्याने पाठीवर हात फिरवायला सुरुवात केली आणि मला हसू फुटलं. गुदगुल्या म्हणजे भयंकर! तो वैतागला. पुढच्या सेशनला तो म्हणाला, "मी इतक्या प्रेमाने करत होतो, हिला आवडलंच नाही." तेव्हा थेरपिस्टने जे विचारलं ते आमच्यासाठी सगळ्यात नवीन होतं. "तिला आवडतंय की नाही हे बाजूला ठेवा. तुमच्या तळव्याला काय लागलं? कुठे गार होतं, कुठे गरम? कुठे कातडी ताणलेली, कुठे सैल?" त्याला एकही गोष्ट सांगता आली नाही. सगळा वेळ तो माझ्या श्वासाचा अंदाज घेत होता.

मग त्यांनी समजावलं की हा मसाज नाही आणि खूश करण्याची कलाही नाही. स्पर्श करणाऱ्याने स्वतःच्या कुतूहलासाठी करायचा. तापमान, पोत, दाब, एवढ्यावर लक्ष. मन भरकटलं की रागवायचं नाही, परत हाताखाली काय आहे तिथे यायचं. जिला स्पर्श होतोय तिचं काम एकच. नकोसं किंवा दुखरं काही वाटलं तर लगेच कळवायचं. बाकी "छान वाटतंय" वगैरे प्रमाणपत्रं द्यायची नाहीत. गुदगुल्यांवर उपाय म्हणजे त्याच्या हातावर मी माझा हात ठेवायचा आणि दाब दाखवायचा. हलकं फिरवण्याऐवजी तळवा टेकवून सावकाश. तेवढ्याने फरक पडला.

दुसऱ्या आठवड्यात मी झोपून गेले. तो हिरमुसला, पण थेरपिस्ट म्हणाल्या की झोप लागली म्हणजे शरीर घाबरलेलं नाही. फक्त रात्री उशिराऐवजी सकाळची वेळ धरा.

बंदी मोडली ती त्याच सुमाराला. त्याला ताठरता आली, दोघांना वाटलं आता सोडायची कशाला, आणि झालंही नीट. आम्ही पेढे वाटायच्या मूडमध्ये गेलो. थेरपिस्टने शांतपणे विचारलं, "ती आल्याक्षणी पहिला विचार काय आला?" तो म्हणाला, "जायच्या आत उरकूया." त्यावर त्या म्हणाल्या की म्हणजे घाई होती, भीती होती, फक्त या वेळी भीती हरली. पुढच्या वेळी जिंकेल. आणि तसंच झालं. त्यानंतर तो जवळजवळ आठवडाभर माझ्या जवळही आला नाही. मग परत पहिल्या पायरीपासून.

सावरी

टिंबटिंबने लिहिलंय त्यात मला भर घालायला फार जागा नाही. @आडवळण, तुमचं अर्धं बरोबर आहे. बंदीमुळे ओढ वाढते, हे होतंच. जोडपी ती मोडतात हेही खरं. पण मोडावी म्हणून ती घातलेली नसते. यशस्वीपणे मोडली तर परीक्षा परत सुरू होते, फसली तर जोडपं आधीपेक्षा मागे जातं. मी शिक्षा करत नाही, कौतुकही करत नाही. कोणी पुढाकार घेतला, दुसऱ्याला "थांब" म्हणावंसं वाटलं का, आणि वाटलं तर का म्हटलं नाही, हे विचारते. त्या उत्तरांतून कधीकधी सगळ्या अडचणीचा पत्ता लागतो.

आडवळण

ठीक. पण जे मला वाचलेलं आठवतं त्यात तसंच होतं. शोधतो.

सरळसोट

माझं शीघ्रपतन आहे. हाच गृहपाठ चालेल का? की पिळण्याची ती पद्धत? लवकर उत्तर द्या.

शेवटचा_बाक

"लवकर" हा शब्द टाळता आला असता.

सावरी

@सरळसोट, त्याला सहसा थांबा-आणि-सुरू-करा असा सराव देतात. जेम्स सीमन्स नावाच्या डॉक्टरने १९५६ मध्ये तो मांडला. आधी एकट्याने, कोरड्या हाताने. उत्तेजना वाढत जाते आणि मग असा एक क्षण येतो ज्याच्यापुढे थांबवणं हातात राहत नाही. त्याच्या बरंच अलीकडे थांबायचं, ओसरू द्यायचं, परत सुरू करायचं. असं काही वेळा करून मग शेवट. बहुतेकांची गफलत ही की ते फार उशिरा थांबतात. दात-ओठ खाऊन रोखायचं नसतं, पायऱ्या ओळखायला शिकायचं असतं. जमायला लागलं की वंगण लावून, मग जोडीदाराच्या हाताने, आणि संभोग सगळ्यात शेवटी. लिंगाचं टोक दाबून धरायची ती पिळण्याची पद्धत मास्टर्स आणि जॉन्सन वापरत, माझ्या ओळखीत आता ती कमी सांगतात. पण आधी हे पूर्वीपासून आहे की अलीकडे सुरू झालंय ते पाहायला हवं. ताठरता जाईल या भीतीने घाई करणारेही असतात, त्यांना वेगळं काम लागतं. इथे आणखी लिहिलं तर धागा भरकटेल, वेगळा काढा.

बारीकसारीक

धागा भरकटवायचा दोष पत्करून लिहिते, कारण सगळे गृहपाठ स्पर्शाचेच असतात असा समज होईल. माझी अडचण उलट बाजूची. आत काही जाऊच शकत नव्हतं. टॅम्पॉनसुद्धा नाही. स्नायू आपोआप आवळायचे आणि आग आग व्हायची. "रिलॅक्स हो" हे मला किती जणांनी सांगितलं असेल!

मला थेरपिस्टबरोबरच ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचं काम जाणणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. आधी स्त्रीरोगतज्ज्ञांनी जंतुसंसर्ग किंवा त्वचेचा आजार नाही ना, हे पाहिलं. सुरुवातीचा गृहपाठ नुसता श्वासाचा. श्वास आत घेताना पोट फुगतं तेव्हा खालचे स्नायूही सैल होऊन खाली उतरतात. ते आधी ओळखायला शिकायचं. नंतर आरसा. मी स्वतःला कधी नीट पाहिलंच नव्हतं. मग बोटाचं टोक फक्त बाहेर टेकवून ठेवायचं. त्यानंतर डायलेटर, म्हणजे योनीत घालायची गुळगुळीत कांडी, सगळ्यात बारीक, करंगळीएवढा, भरपूर वंगण लावून.

तिथे नियम असा होता की ताण जाणवला तर थांबून श्वास घ्यायचा, पण आग किंवा टोचल्यासारखी वेदना झाली तर तिथूनच मागे. सोसून पुढे ढकललं की शरीर "इथे दुखतं" हाच धडा पक्का करतं. आत गेल्यावर दहाएक मिनिटं नुसता ठेवायचा. तो कंटाळवाणा वाटायला लागला की पुढचा आकार घ्यायचा, त्याआधी नाही. कंटाळा ही खूण आहे हे मला फार आवडलं.

नवऱ्याचा भाग बराच नंतर. डायलेटर त्याच्या हातात, पण त्याच्या मनगटावर माझा हात, आणि वेग-खोली सगळं मी ठरवणार. तो घाबरून घामाघूम व्हायचा, मीच त्याला धीर द्यायचे. शेवटी संभोग जमला. पण एक गोष्ट आधी कोणी सांगितली नव्हती. जमणं आणि हवंसं वाटणं वेगळं. इतकी वर्षं तो भाग माझ्यासाठी कामाचाच झाला होता. इच्छा परत आणायला मग तो सेन्सेट फोकस आम्हीही केला, वर लिहिलाय तसाच.

मनकवडा

बारीकसारीक, धन्यवाद. बायकोला वाचायला दिलं. एवढंच.

खडूस_काका

मी विरुद्ध बाजूने लिहितो. आम्हाला याचा काडीचा उपयोग झाला नाही. कामांच्या यादीत आणखी एक काम. बुधवार, रात्री साडेनऊ, स्पर्श. मी घड्याळ बघतोय, ती छताकडे बघतेय. थोड्या दिवसांत दोघंही सबबी सांगायला लागलो आणि सोडून दिलं. शिवाय ते मास्टर्स-जॉन्सन एवढे थोर, पण त्यांच्या आकड्यांवर १९८० मध्ये झिलबरगेल्ड आणि इव्हान्स यांनी बरेच प्रश्न उभे केले होते, यश नेमकं कशाला म्हणायचं हेच धड सांगितलेलं नाही म्हणून. तेव्हा जरा जपून.

सावरी

काका, तो आक्षेप रास्त होता आणि आजही विसरू नये. त्यांच्याकडे जोडपी घरदार सोडून दोन आठवडे येऊन राहायची, रोज सेशन, एक पुरुष आणि एक स्त्री असे दोन थेरपिस्ट. आता बहुतेक ठिकाणी एकच थेरपिस्ट असतो, आठवड्याने किंवा पंधरवड्याने भेट, आणि मधे नोकरी-मुलं-आजारपण सगळं चालू. त्यांचे निकाल आजच्या कामाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तुमच्याबाबत विचारू का? गृहपाठ होत नाहीये, हे थेरपिस्टला सांगितलं होतं? कारण न झालेला गृहपाठ माझ्या कामाचा असतो. "वेळ मिळाला नाही" यावर मी थांबत नाही. बुधवारी दिवसभरात नेमकं कधी लक्षात आलं की आज होणार नाही, हे विचारते. उत्तर कधी येतं, "संध्याकाळी ती ज्या सुरात बोलली तेव्हाच." मग स्पर्श बाजूला ठेवून त्या सुरावर बोलावं लागतं.

खडूस_काका

नाही सांगितलं. "केलं" असंच सांगायचो, दोघंही. त्या एका गोष्टीवर मात्र आमचं एकमत होतं.

आणि तो सूर. असो. पैशांवरून आमच्यात जे झालं होतं ते मिटलं नव्हतं. ते मिटल्याशिवाय पाठीवर हात फिरवून काय होणार?

टिंबटिंब

काका, खोटं सांगणं आम्हीही एकदा केलं. लगेच पकडले गेलो, कारण दोघांनी वेगवेगळं वर्णन केलं. :D

सावरी

काही वेळा हा गृहपाठ देऊच नये, हे खरंच आहे. घरात मारहाण किंवा धाक असेल तर स्पर्शाचा गृहपाठ म्हणजे दबावाला कागदोपत्री परवानगी दिल्यासारखं होतं. एकाचं बाहेर काही चालू असेल आणि ते लपवलेलं असेल, तरी नाही. नैराश्य खोल असेल तर आधी त्यावर उपचार. वेगवेगळी सेशन्स घेतात ती बऱ्याच अंशी यासाठीच. पण तिथे सांगितलेलं दुसऱ्याला कळणार की नाही, हे पहिल्याच भेटीत ठरवून घ्या. काही थेरपिस्ट गुपित ठेवतात, काही आधीच सांगतात की उपचाराच्या आड येणारं गुपित मी ठेवणार नाही. दोन्ही पद्धती आहेत.

साध्या रागाच्या बाबतीत मात्र आमच्यातही मतभेद आहेत. काही जण म्हणतात आधी भांडण सोडवा. काही म्हणतात, पंधरा मिनिटं न बोलता एकमेकांजवळ राहता आलं तर भांडणही सोपं जातं. माझा अनुभव दोन्हीकडचा आहे.

कोरा_कागद

एवढं सगळं वाचून दाखवलं तिला. (हो, आता तिला माहितीये मी कुठे लिहितोय.) पहिल्यांदा करून पाहिलं. मी हाताला काय लागतं ते बघत राहिलो, आणि थोडा वेळ खरंच बाकी काही डोक्यात नव्हतं. तिच्या खांद्यामागे एक जुना व्रण आहे, मला माहीतच नव्हता.

पण अदलाबदल केल्यावर ती थांबली. म्हणाली, "तुला हायसं वाटतंय ना, करायचं नाही म्हणून? मला नाही वाटत." दोन वर्षं तिला वाटतंय की मला ती नकोशी झाली आहे, आणि आता तर डॉक्टरी कागदावर नकार मिळाला. हे ती कधी बोलली नव्हती. थेरपिस्टसमोर एकटी असताना तरी बोलली होती का, मी विचारलं नाही.

टिंबटिंब, तुम्हाला असं वाटलं होतं का?

टिंबटिंब

वाटलं होतं. अगदी हेच. त्याची ताठरता गेली की मी मनात स्वतःचं पोट, वजन, सगळं मोजायचे. बंदी आली तेव्हा तो सुटला आणि मी अडकले असं वाटलं.

माझं मत बदललं ते बऱ्याच पुढच्या पायरीला. तेव्हा गुप्तांगांना स्पर्श चालणार होता, पण ध्येय काही नाही. तिथे मुद्दाम दिलेला एक सराव होता. ताठरता आली की हात काढून घ्यायचा आणि ती जाऊ द्यायची. पूर्ण. मग परत स्पर्श, परत आली तर परत जाऊ द्यायची. पहिल्यांदा ती जाताना आम्ही दोघं श्वास रोखून बघत होतो, जणू काही अपघात होतोय. मग थोड्या वेळाने परत आली. तिचं जाणं-येणं त्याच्या शरीराचं चाललं होतं, माझ्या पोटाशी त्याचा संबंध नव्हता. हे मला कितीही समजावून पटलं नसतं, डोळ्यांनी दिसलं म्हणून पटलं.

त्याच्यानंतर मी वर, आणि आत घेऊन नुसतं थांबायचं, हालचाल नाही. गेली तर गेली. मग थोडी हालचाल. संभोगावरची बंदी कधी उठली ते आठवतही नाही. आता सगळं कायमचं ठीक आहे असं नाही. त्याच्या कामाचा ताण वाढला की अजूनही जाते. फरक एवढाच की तेव्हा तो पाठ फिरवत नाही, हाताने-तोंडाने पुढे चालू राहतं.

सावरी

@कोरा_कागद, तिने जे म्हटलं ते पुढच्या सेशनला शब्दशः सांगा, आणि शक्यतो तिने स्वतः सांगावं. अशा वेळी मी बंदी उठवत नाही, पण तिच्या बाजूचं काहीतरी जोडते. तिला सुख हवं असेल तर ते कसं मिळेल, या वेळेच्या बाहेर मिठी-चुंबन चालेल का, ते मोकळेपणाने ठरवायचं. बंदी संभोगाच्या प्रयत्नावर आहे, तिच्यावर नाही. तुमचे थेरपिस्ट वेगळं ठरवू शकतात, कारण समोर ते आहेत, मी नाही.

बारीकसारीक

आणि सुरुवात कोण करणार ते ठरवून घ्या. आमच्याकडे आलटून पालटून होतं. नाहीतर दर वेळी एकाच माणसाने विचारायचं आणि दुसऱ्याने परवानगी द्यायची, असं होतं.

आडवळण

आलटून पालटून म्हणजे परत वेळापत्रकच ना? मला हे पटत नाही. आतून वाटलं तरच सुरुवात करावी.

खडूस_काका

आतून वाटायची वाट बघत आमची किती वर्षं गेली हे विचारू नका. या एका बाबतीत मी वेळापत्रकाच्या बाजूने.

कोरा_कागद

ती म्हणतेय, पुढच्या वेळी सुरुवात ती करणार आणि आधी स्पर्शही तीच करणार. सेशन गुरुवारी आहे. मिठी-चुंबनाचं तिथेच विचारू. आडवळण, ते वाचलेलं सापडलं का?

आडवळण

शोधतोय.